चहातली दालचिनी: कांडी, पावडर आणि तो एक चमचा

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ज्यांना सावकाश वाचायचंय त्यांच्यासाठी.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचलाय. ठाणे पूर्वेच्या कोपरीतून एका मुलीने पाठवलीय. वय २६, वजन ५२ किलो, नोकरी वागळे इस्टेटला. ती म्हणते, "ताई, मी चार महिने रोज सकाळी कोमट पाण्यात एक चमचा दालचिनी पावडर घेते. आईची शुगर बॉर्डरवर आहे, म्हणून तिलाही सुरू केलीय. आता एक रील आली की दालचिनीने लिव्हर खराब होतं. मग आमच्या संध्याकाळच्या चहात दालचिनी असते, ती पण बंद करायची का?"

आधी तिचं उत्तर देऊन टाकते, मग कारणं बघू. चहातली दालचिनी बंद करायची काही गरज नाही. सकाळचा चमचा मात्र बंद कर, निदान आत्ता घरात जी पावडर आहे ती संपेपर्यंत नव्हे, आजपासूनच. एकाच मसाल्याबद्दल अशी दोन उलटी उत्तरं का, तेच आज बोलायचंय.

पहिली गोष्ट म्हणजे, आपण ज्याला दालचिनी म्हणतो त्या नावाखाली निदान दोन वेगवेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात. एक खरी दालचिनी, जिला सिलोन दालचिनी म्हणतात. शास्त्रीय नाव सिनॅमोमम व्हेरम, जुनं नाव सिनॅमोमम झेलॅनिकम. श्रीलंकेतून येते, आपल्याकडे केरळ आणि कोकणातही लावतात. दुसरी कॅसिया. ती याच कुळातली, पण वेगळी झाडं, चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशियाकडची. दोघींचा वास ओळखीचा, दोघी झाडाची साल, दोघी तपकिरी. स्वस्त कॅसिया, महाग सिलोन. भाव दुकानागणिक बदलतो, पण सिलोन दोन ते चार पट महाग असते असं धरून चाला.

आता कोपरीच्या किराणा दुकानात जा, नाहीतर पूल ओलांडून जांभळी नाक्याच्या बाजारात जा आणि नुसतं "दालचिनी द्या" म्हणा. पुडीत येईल ती जवळजवळ नेहमी कॅसियाच. दुकानदार फसवतोय असं नाही हं. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून त्याच्याकडे जो माल येतो तो हाच, आणि गिऱ्हाईकही हीच मागतं, कारण बिर्याणीत, मटणाच्या वाटणात आणि गरम मसाल्यात हिचा जोर जास्त. आपल्याकडे उन्हाळ्यात डंखावर जो आगरी-कोळी मसाला कुटून आणतात त्यात घालायला ही जाड, तिखट सालच लोकांना हवी असते.

कायद्यात मात्र दोन्ही वेगळ्या आहेत. एफएसएसएआयच्या नियमांत "सिनॅमन, दालचिनी" ही सिनॅमोमम झेलॅनिकमची आतली साल, आणि "कॅसिया, तज" ही त्या दुसऱ्या झाडांची साल, अशा दोन स्वतंत्र व्याख्या आहेत. म्हणजे पाकिटावर "दालचिनी" छापून आत कॅसिया भरणं नियमात बसत नाही. पण बोलण्यात ही सीमारेषा कुणी पाळत नाही. तुमच्या शेजारच्या गुजराती काकू सगळ्याच दालचिनीला तज म्हणतात, त्यामुळे "तज" हा शब्द ऐकून काही ठरवता येत नाही.

कांडी हातात असेल तर ओळखणं सोपं आहे. कॅसियाची कांडी म्हणजे एकच जाड साल, वाळताना आत वळलेली. लाकडासारखी कडक, रंग लालसर-गडद, मिक्सरमध्ये टाकली की खडखडाट. चावून बघितली तर झणझणीत, जीभ चुरचुरते. सिलोनची कांडी टोकाकडून बघा. कागदासारखे पातळ, पुष्कळ पदर एकात एक गुंडाळलेले दिसतात, विडीच्या आत तंबाखू भरावी तसे. रंग फिका, बोटांनी दाबली तर चुरा होतो, चव सौम्य आणि गोडसर. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या की परत चुकत नाही. व्हिएतनामी किंवा इंडोनेशियन कॅसिया कधीकधी सुबक, दोन्हीकडून वळलेल्या रोलमध्ये येते आणि लोक "रोल आहे म्हणजे सिलोन" असं समजतात. तिथे पदर मोजा. एकच पदर असेल तर ती कॅसिया, मग रोल कितीही देखणा असो.

पावडर असेल तर डोळ्यांनी काहीच कळत नाही, त्याबद्दल नंतर बोलते.

आता त्या रीलमधला शब्द: कूमारिन. कुमारशी काही संबंध नाही, टोन्का नावाच्या एका दक्षिण अमेरिकन झाडाच्या स्थानिक नावावरून हे नाव आलं. टोन्काच्या बियांमधून १८२० साली हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला गेला. वास छान असतो, ताज्या कापलेल्या गवतासारखा, थोडा व्हॅनिलासारखा. म्हणून अत्तरांत भरपूर वापरतात. खाण्याच्या पदार्थांत सुगंध म्हणून शुद्ध कूमारिन घालायला अमेरिकेत १९५४ पासून बंदी आहे, आणि आपल्या एफएसएसएआयच्या नियमांतही स्वाद म्हणून ते घालायला मनाई आहे. पण सालीत निसर्गतःच असलेल्या कूमारिनचं काय? तिथे गंमत सुरू होते.

कॅसियात ते असतं, सिलोनमध्ये जवळजवळ नसतं. जर्मनीत अन्नातल्या धोक्यांचा अभ्यास करणारी एक सरकारी संस्था आहे, बीएफआर. तिच्या हिशेबात कॅसियाच्या एका ग्रॅममध्ये सरासरी ३ मिलीग्रॅम कूमारिन धरतात. सिलोनमध्ये त्याचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. आज एवढा एकच आकडा लक्षात ठेवा: एका ग्रॅमला ३ मिलीग्रॅम. बाकी सगळं यावरूनच निघतं.

पण हा आकडा सरासरीचा आहे, आणि सरासरी फसवी असते. जर्मन संशोधकांनीच इंडोनेशियातल्या एका मळ्यातल्या पाच झाडांच्या साली तपासल्या, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. काही नमुन्यांत कूमारिन मोजता येणार नाही इतकं कमी, आणि काहींत ग्रॅमला जवळजवळ १० मिलीग्रॅम. एकाच झाडाच्या वेगवेगळ्या भागांतही मोठा फरक निघाला. म्हणजे तुमच्या डब्यातली एक कांडी निरुपद्रवी आणि तिच्या शेजारची तिच्या कितीतरी पट जास्त कूमारिनची, असं होऊ शकतं. वासावरून ते कळत नाही. पावडरमध्ये निदान पुष्कळ साली एकत्र दळलेल्या असतात, त्यामुळे ती सरासरीच्या जवळ जाते.

आता किती चालतं? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, ईएफएसएने, २००४ मध्ये मर्यादा ठरवली आणि २००८ मध्ये पुन्हा तपासून तीच कायम ठेवली: वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.१ मिलीग्रॅम. ५० किलोच्या माणसाला ५ मिलीग्रॅम, ६० किलोच्या माणसाला ६. हे आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल असं प्रमाण आहे. विषाची रेघ नाही ही. त्यामुळे रविवारी बिर्याणीत दोन कांड्या जास्त पडल्या म्हणून सोमवारी रक्ततपासणीला पळायचं नाही. ईएफएसएने २००८ मध्ये असंही म्हटलंय की एक-दोन आठवडे याच्या तिप्पट गेलं तरी काळजीचं कारण नाही. प्रश्न आहे तो रोजच्या, महिनोन्महिने चालणाऱ्या सवयीचा.

हा विषय पेटला तोही गोड पदार्थांवरून. २००६ मध्ये नाताळच्या तोंडावर बीएफआरने जर्मन पालकांना सांगितलं की मुलांना दालचिनीची चांदणी बिस्किटं जपून द्या. त्यांच्याकडे नाताळला ही बिस्किटं म्हणजे आपल्याकडे दिवाळीत शंकरपाळे. त्यांत दालचिनी सढळ हाताने, ती सगळी कॅसिया, आणि खाणारं पोर १५ किलोचं. त्याची दिवसाची मर्यादा दीड मिलीग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम कॅसिया. ती गाठायला बिस्किटांचा डबा संपवावा लागत नव्हता.

चला, आता कोपरीचा हिशेब करू. तिची मर्यादा ५२ गुणिले ०.१, म्हणजे ५.२ मिलीग्रॅम.

सकाळचा चमचा. सपाट भरलेला चहाचा चमचा पावडरीचा साधारण अडीच ग्रॅम होतो, पण सपाट कोण भरतं? मी तिला म्हटलं, दहा चमचे काढ, वजनकाट्यावर ठेव आणि दहाने भाग. काटा नसेल तर खालच्या वाण्याकडे कर, तो काही नाही म्हणणार नाही. तिचा चमचा निघाला तीन ग्रॅमचा. तीन ग्रॅम गुणिले ३, म्हणजे ९ मिलीग्रॅम. मर्यादेच्या पावणेदोन पट, रोज, चार महिने. पावडर सरासरीपेक्षा कडक निघाली तर त्याहून जास्त. आणि पावडर पाण्यात ढवळून प्यायली की ती सगळीच पोटात जाते, गाळणीत काही उरत नाही.

आता संध्याकाळचा चहा. घरात चार कपांना इंचभर कांडीचा तुकडा टाकतात. असा तुकडा साधारण एक ग्रॅमचा, जाड असेल तर दोन. एक ग्रॅम धरू. त्यातलं सगळंच्या सगळं कूमारिन चहात उतरलं असं मानलं, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी ३ मिलीग्रॅम भागिले चार कप, म्हणजे कपाला पाऊण मिलीग्रॅम. ती दोन कप पिते, दीड मिलीग्रॅम झालं. ५.२ च्या खूप खाली. आता सगळ्यात वाईट कांडी घेऊ, ती ग्रॅमला १० मिलीग्रॅमवाली. कपाला अडीच, दोन कपांना पाच. तरीही ती मर्यादेच्या आतच राहते, आणि रोज अशीच कांडी हातात येणार नाही.

कुणी म्हणेल, पण उकळल्याने कूमारिन उडून जात नाही का? नाही, त्यावर भरवसा ठेवू नका. गरम पाण्यात ते बऱ्यापैकी विरघळतं. जर्मनीत माणसांवर एक चाचणी झाली होती, लोकांना शुद्ध कूमारिन आणि दालचिनीचा चहा असं दोन्ही देऊन लघवीत काय बाहेर पडतं ते मोजलं. चहातून गेलेलं कूमारिन शुद्ध कूमारिनइतकंच अंगात शोषलं गेलं. चहा सुरक्षित आहे तो उकळल्यामुळे नाही. साल कमी असते आणि ती चार जणांत वाटली जाते, एवढंच.

आणि चहा मसाला? तो तर अजूनच किरकोळ. समजा घरच्या शंभर ग्रॅम चहा मसाल्यात सुंठ आणि वेलची जास्त, आणि दालचिनी दहा ग्रॅम. कपाला चिमूटभर, अर्धा ग्रॅम मसाला पडतो. त्यात दालचिनी अर्ध्या ग्रॅमचा दहावा हिस्सा. कूमारिन ०.१५ मिलीग्रॅम. या मुलीला मर्यादा गाठायला दिवसाला चौतीस-पस्तीस कप प्यावे लागतील. तोवर ॲसिडिटीच आधी गाठेल.

म्हणजे एकाच डब्यातली दालचिनी, पण घेण्याची पद्धत बदलली की हिशेब कुठल्या कुठे जातो. मसाला म्हणून वापरली तर प्रश्न नाही. औषध म्हणून चमच्याने खायला लागलं की प्रश्न.

मग हा चमचा आला कुठून? आजीच्या बटव्यातून नाही आला तो. बऱ्याच प्रमाणात २००३ च्या एका छोट्या अभ्यासातून आलाय. पाकिस्तानात टाइप टू डायबिटीसच्या ६० रुग्णांवर झालेला. काहींना रोज १ ग्रॅम, काहींना ३, काहींना ६ ग्रॅम दालचिनी ४० दिवस दिली, आणि साखर कमी झाली असं प्रसिद्ध झालं. जगभर बातम्या झाल्या. त्या अभ्यासातली दालचिनी कॅसिया होती! ६ ग्रॅम म्हणजे सरासरीने १८ मिलीग्रॅम कूमारिन. नंतर पुष्कळ अभ्यास झाले, काहींत फरक दिसला, काहींत नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ते सगळे एकत्र करून तपासले आणि डायबिटीससाठी दालचिनी घ्यावी असं म्हणण्याइतका पुरावा नाही असं सांगितलं. ही दुसरी बातमी रीलमध्ये येत नाही, कारण तिला व्ह्यूज नाहीत.

म्हणून आईबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. बॉर्डरवरची शुगर असेल तर डॉक्टर जे आहार, चालणं, गोळी सांगतील ते. दालचिनी त्याच्या जागी नको. तिला चव आवडते म्हणून घ्यायचीय तर घेऊ दे, चहात.

आता लिव्हरचं. भीती दाखवायची नाही, पण लपवायचंही नाही. कूमारिनचे उंदरांवर जे प्रयोग झाले त्यांत लिव्हरला इजा दिसली. माणसाचं शरीर मात्र कूमारिन बहुतांशी वेगळ्या वाटेने मोडतं आणि त्यातून निरुपद्रवी पदार्थ तयार होतो, जो लघवीवाटे जातो. ही वाट चालवणारं एक एन्झाइम लिव्हरमध्ये असतं, आणि ते सगळ्यांचं सारखं काम करत नाही. कूमारिन जेव्हा सुजेवर औषध म्हणून दिलं जायचं, मसाल्यापेक्षा खूप मोठ्या डोसमध्ये, तेव्हा बहुतेकांना काही झालं नाही, पण थोड्या रुग्णांमध्ये लिव्हरचे आकडे वाढले. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे खाली आले. आपण त्या थोड्यांपैकी आहोत की नाही, हे घरी बसून कळायला मार्ग नाही. मर्यादा इतकी खाली ठेवलीय ती याच थोड्या लोकांसाठी.

लिव्हरचा त्रास सुरुवातीला जाणवतही नाही. रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेलं दिसतं, तेवढंच. भूक मरणं, सतत थकवा, लघवी गडद, डोळे पिवळे ही पुढची लक्षणं, आणि ती दिसली तर डॉक्टरांकडे जायचं आणि "मी रोज दालचिनी पावडर घेत होते" हे आपणहून सांगायचं. डॉक्टर गोळ्यांबद्दल विचारतात, मसाल्याबद्दल विचारायचं सहसा कुणाच्या मनात येत नाही. आपल्या या मुलीला यांतलं काही नाही. तिने चमचा थांबवला की पुरे. पण ज्यांना आधीच फॅटी लिव्हर किंवा हिपॅटायटिस आहे, टीबीची औषधं चालू आहेत, रोज दारू आहे, त्यांनी कॅसियाचा चमचा अजिबात सुरू करू नये. टीबीच्या गोळ्या स्वतःच लिव्हरवर ताण टाकतात. त्यात हा आणखी कशाला?

एक गैरसमज इथेच काढून टाकू, कारण कमेंटमध्ये येणारच. "कूमारिन म्हणजे रक्त पातळ करणारं औषध." तसं नाही. नाव सारखं आहे, कुळ एक आहे. झालं असं की १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात स्वीट क्लोव्हर नावाचा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. चाऱ्यातलं कूमारिन बुरशीने बदलून डायकूमारॉल झालं होतं, आणि रक्त गोठणं थांबवत होतं ते हे डायकूमारॉल. त्यावरूनच पुढे वॉरफरिन हे औषध आलं. साध्या कूमारिनमध्ये तो गुण नाही. तरी वॉरफरिन घेणाऱ्यांनी कुठलीही गोष्ट रोज चमच्याने सुरू करताना डॉक्टरांना विचारावं, कारण त्यांचं रक्त ठरावीक पातळीवर राखायचं असतं आणि लिव्हरही त्यात सामील असतं.

लहान मुलांचं वेगळं सांगते. १५ किलोच्या पोराला अर्धा ग्रॅम कॅसिया, म्हणजे सपाट चमच्याचा पाचवा भाग. दुधात दालचिनी पावडर घालून रोज द्यायची पद्धत काही घरांत सुरू झालीय, सर्दीसाठी म्हणे. तिथे हात सहज पाव-अर्ध्या चमच्यावर जातो. द्यायचंच असेल तर दुधात कांडीचा छोटा तुकडा उकळा आणि काढून टाका, किंवा सिलोन वापरा.

मग चमचा घ्यायचाच असेल तर? कुणाला ओट्सवर, कॉफीत, स्मूदीत रोज दालचिनी लागते, मला कळतं. तर सिलोन घ्या. तीन ग्रॅम सिलोनमध्ये कूमारिन ०.१ मिलीग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी जातं, म्हणजे नगण्य. पण सिलोनची कांडी घ्या आणि घरी दळा. ती नाजूक असते, मिक्सरच्या छोट्या भांड्यात सहज होते. आधी तव्यावर एक मिनिट कोमट केली की अजून सोपं. तयार पावडरीचं पाकीट घेतलंत तर आत काय आहे ते फक्त छापलेल्या नावावर मानावं लागतं. मागे शास्त्रीय नाव असेल तर वाचा: व्हेरम किंवा झेलॅनिकम म्हणजे सिलोन. कॅसिया, बर्मानी, लॉरेराय यांतलं काही असेल तर कॅसिया. यांत व्हिएतनामी लॉरेरायमध्ये कूमारिन बऱ्याचदा सगळ्यात जास्त सापडलंय, आणि "सैगॉन सिनॅमन" म्हणून ती प्रीमियम भावात विकतात. महाग म्हणजे कूमारिन कमी, असं समीकरण नाही. आणि नुसतं "प्युअर दालचिनी" लिहिलं असेल तर ती कॅसिया धरूनच हिशेब करा.

पावडरीची एक जुनी घरगुती चाचणी आहे. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा. चिमूटभर पावडर थोड्या पाण्यात कालवा, वर एक थेंब टाका. कॅसियात पिष्ट जास्त, त्यामुळे ती गडद निळी-काळी होते. चांगल्या सिलोनमध्ये रंग फारसा बदलत नाही. पण दोन मर्यादा आहेत. पावडरीत कुणी पीठ मिसळलं असेल तर तीही काळी होईल. आणि थोडा रंग सिलोनलाही येऊ शकतो, म्हणून खात्रीची सिलोन कांडी दळून तिच्याशी तुलना करा, नुसत्या एकट्या वाटीवरून निकाल देऊ नका. चाचणीची पावडर टाकून द्या, परत डब्यात नको!

शेवटचा मुद्दा खास ठाण्यातल्या कोकणवाल्यांसाठी. कोपरी, कळवा, डोंबिवली, इथे कितीतरी घरांत गावाहून दालचिनी येते. मामाच्या परसातली, सिंधुदुर्ग-रत्नागिरीची. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने "लाखी बाग" लोकप्रिय केली, म्हणजे नारळाच्या बागेत मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी असे मसाले लावायचे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने "कोकण तेज" नावाची दालचिनीची जातही काढलीय, आणि ती व्हेरम, म्हणजे खरी दालचिनी आहे. रोपवाटिकेतून आणलेलं झाड असेल तर बहुतेक हेच.

पण तुम्ही पिशवी उघडता आणि आत जाड, खडबडीत, लाकडासारखे तुकडे. मग वाटतं, अरे ही तर कॅसिया! थांबा. मघाशी सांगितलेली पदरांची खूण इथे लागू पडत नाही. श्रीलंकेत दालचिनीचं झाड जमिनीलगत छाटून ठेवतात, त्याला धुमारे फुटतात, आणि साधारण दोन वर्षांचे, अंगठ्याएवढे जाड धुमारे कापतात. वरची खरबरीत साल खरवडून काढतात, पितळी दांड्याने घासून आतली पातळ साल सैल करतात, मग ती अखंड सोलून एकात एक गुंडाळून सावलीत वाळवतात. ते पातळ पदर या हातकामातून येतात. गावाला मामा काय करतो? झाड मोठं झालेलं असतं, कोयत्याने खोडाची साल वरच्या पापुद्र्यासकट काढतो आणि अंगणात वाळत टाकतो. जात तीच, पण साल जुनी आणि जाड. दिसायला कॅसिया, आत व्हेरम.

अशा सालीची ओळख पटवायची तर झाडावरून पटवा. रोप कुठून आणलं ते मामाला विचारा, नर्सरीतून की रानातून. सह्याद्रीत रानदालचिनीच्याही जाती आहेत, आणि त्यांच्या सालीत कूमारिन किती हे गृहीत धरता येत नाही. नर्सरीतलं असेल तर ती साल बिनधास्त दळा. आणि पुढच्या वेळी मामाला सांगा, झाड कमरेखाली छाट, धुमारे येऊ दे, आणि नवी लाल पालवी हिरवी झाली की साल सोडवून बघ. तेव्हा रस चढलेला असतो आणि साल आपोआप सुटून येते. त्या पातळ सालीचा चहा जाड सालीपेक्षा गोड लागतो.